फाउंड्रीत प्रोजेक्टवर इंटर्न घ्यायचाय? आधी फेरा मोजा, मग जाहिरात लिहा

दर मे महिन्यात मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे लहान फाउंड्री किंवा मशिन शॉप चालवणारे ओळखीचे लोक विचारतात, "कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओंचा फोन आलाय, दोन पोरं घ्या म्हणतात. स्टायपेंड किती लिहू? कालावधी किती? काम काय लिहू?" मी आमच्या घरच्या फाउंड्रीत क्वालिटी बघते. इंटर्न निवडणं, त्यांचं काम ठरवणं आणि शेवटी पत्र देणं हे सगळं माझ्याकडे असल्यामुळे हे फोनही माझ्याकडेच वळतात. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. हे प्रश्न उलट्या क्रमाने विचारा. काम आधी ठरू दे. कामावरून कालावधी निघतो, कालावधीवरून स्टायपेंड आणि कामावरूनच निवड कशी करायची तेही कळतं. स्टायपेंडपासून सुरुवात केली की काम शेवटी कसंतरी चिकटवलं जातं आणि पोरगं दोन महिने रजिस्टरं उतरवत बसतं.

कागदाचं थोडक्यात सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. इंटर्न म्हणजे अप्रेंटिस नव्हे. अप्रेंटिस 1961 च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली करार नोंदवून घेतला जातो, आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ते बंधनकारक आहे. तो मार्ग वेगळा आहे. राज्याची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना यासुद्धा निघाल्या तेव्हा पूर्णवेळ शिकत असलेल्या पोरांसाठी नव्हत्या. त्यामुळे "सरकार देईल की स्टायपेंड" हे डोक्यातून काढून टाका. कॉलेजच्या विद्यार्थ्याला तुम्ही बोलावताय, तर पैसे तुमच्या खिशातून जाणार. ते मनाला पटत नसेल तर अजून एक वर्ष थांबा.

आता फेऱ्याकडे येते, म्हणजे बदल केल्यापासून परिणाम दिसेपर्यंत जाणाऱ्या वेळाकडे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचं पहिलं वर्ष यातच गेलं.

त्या वर्षी आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट होती ग्राहकाकडून परत येणारं रिजेक्शन. कास्टिंग आमच्याकडून चांगलं दिसून जायचं, तिकडे मशिनिंगला लागलं की कातडीखालचे ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली भोकं, उघडे पडायचे, आणि महिनाअखेरीला डेबिट नोट यायची. साहजिकच इंटर्नचा प्रोजेक्ट ठरला, "मशिनिंग रिजेक्शन कमी करणे." मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे दोघं होते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही कामसू. कालावधी आठ आठवडे.

त्या कास्टिंगचा प्रवास बघा. आज वाळूच्या साच्याचा बॉक्स भरला, संध्याकाळी ओतला, उद्या नॉकआउट म्हणजे साचा फोडून नग काढणं, मग साफ करायला शॉट ब्लास्टिंग, जादा धातू काढायला फेटलिंग, रंग. मग गाडी भरेपर्यंत माल पडून राहतो. मग ग्राहकाचं स्टोअर, तिथून त्याच्या गरजेप्रमाणे मशिनवर. तिथे होल दिसला की तो नग बाजूला पडतो, अशा नगांचा ढीग झाला की त्यांचा तपासनीस यादी करतो, आणि ती यादी आमच्याकडे येते. आज ओतलेल्या बॉक्सचं खरं उत्तर आम्हाला पाच-सहा आठवड्यांनी कळायचं. पोरांनी पहिले दोन आठवडे माहिती गोळा केली, तिसऱ्यात साच्यातून वायू बाहेर जायच्या वाटेबद्दल, म्हणजे व्हेंटबद्दल, चांगली सूचना केली, आम्ही ती केलीही. त्या बदलाचे बॉक्स ज्या आठवड्यात ग्राहकाच्या मशिनवर चढले, त्या आठवड्यात पोरांचा निरोप समारंभ झाला. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत विचारलं, "मग परिणाम काय?" सांगायला काही नव्हतं. पुढे एक दिवस त्या मुलीचा फोन आला, "मॅडम, त्या व्हेंटच्या बॉक्सचं काय झालं?" तोवर मधल्या काळात सँडचा पुरवठादार बदलला होता, साच्याला आकार देणारा पॅटर्न दुरुस्तीला जाऊन आला होता. रिजेक्शन कमी झालं होतं, पण कशामुळे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या पोरीच्या मेहनतीचं उत्तर कायमचं हरवलं, हे मला आजही लागतं.

म्हणून जाहिरात लिहायच्या आधी फेरा मोजा. बदल केल्यापासून त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसेपर्यंत जो वेळ जातो तो फेरा. तो कागदावर मोजू नका, प्रत्यक्ष मोजा. एका बॉक्सवर सकाळी खडूने खूण करा, त्या कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे तो भट्टीच्या कुठल्या ओतीतला आहे तो क्रमांक, येईल असं बघा, आणि तो नग तपासणीच्या टेबलावर येईपर्यंत त्याच्या मागे राहा. ऑफिसात बसून सगळे "दोन दिवसांत येतो" म्हणतात. प्रत्यक्षात फेटलिंगपुढे ढीग असतो आणि तिसरा-चौथा दिवस उजाडतो.

मग सरळ भागाकार करा. आठ आठवड्यांतले पहिले दोन पोराला शॉप समजण्यात जातात आणि शेवटचा लिहिण्यात. हातात उरतात पाच आठवडे, म्हणजे तीस कामाचे दिवस. फेरा तीन दिवसांचा असेल तर दहा फेरे मिळतात. फेरा पाच आठवड्यांचा असेल तर एक मिळतो, तोही सगळं वेळेवर झालं तर. माझ्या हिशोबाने सहा फेरे तरी हवेत. दोन आज काय चाललंय ते बघायला, एक मोजणीतल्या चुका सापडायला, आणि तीन बदलानंतर. एकाच फेऱ्यात रिजेक्शन कमी झालं तर तो त्या दिवसाचा योगायोग असू शकतो. तीनदा दिसलं तर धरून चालायला हरकत नाही.

फेऱ्याबरोबर आणखी एक आकडा बघावा लागतो, तो म्हणजे दोष किती वेळा होतो. समजा एका पार्टचे दिवसाला 120 बॉक्स ओतता आणि शंभरात आठ जातात. म्हणजे रोज नऊ-दहा खराब नग पोराच्या टेबलावर, आठवड्याला पन्नास-साठ. एवढ्यात कुठलाही कल दिसतो. पण शंभरात एकच जात असेल तर दिवसाला जेमतेम एक नग. तो दोष कितीही महाग पडत असला तरी आठ आठवड्यांच्या इंटर्नला देऊ नका, त्याला काही दिसणार नाही आणि तो स्वतःलाच दोष देत बसेल. शिवाय बदल करणं तुमच्या हातात आहे का तेही पाहा. पॅटर्न ग्राहकाचा असेल आणि त्याला हात लावायला त्याची परवानगी लागत असेल, तर त्या परवानगीच्या ईमेलची वाट बघण्यातच इंटर्नशिप संपते.

हे वाचून घाबरू नका. कुठल्याही कारखान्यात लहान फेऱ्याचं काम असतंच, फक्त ते मालकाला सर्वांत जास्त टोचणारं काम नसतं. मशिन शॉपवाल्यांना तर हे फार सोपं आहे. सेटिंगला लागणारा वेळ किंवा इन्सर्ट किती नग टिकतो, हे फेरे तासांत संपतात. पोराला एका आठवड्यात जेवढे फेरे मिळतील तेवढे आम्हाला महिन्यात मिळत नाहीत.

आमच्याकडे नंतर बसलेलं एक काम पूर्ण सांगते. पार्ट पंपाची केसिंग, ग्रे आयर्नची, आत पोकळी राहावी म्हणून सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर केलेला वाळूचा कोअर. दोष ब्लो होल, पण फक्त शॉट ब्लास्टिंगनंतर आमच्याच टेबलावर दिसणारे. कातडीखालचे मुद्दाम सोडून दिले. दिवसभर मोल्डिंग, संध्याकाळी ओतणं, दुसऱ्या दिवशी सकाळी नॉकआउट, तिसऱ्या दिवशी तपासणी. फेरा तीन दिवसांचा.

इंटर्न दोन, एक डिप्लोमाचा आणि एक डिग्रीची. पहिल्या आठवड्यात त्यांना फक्त एक गोष्ट करायला सांगितली, रोजचा मेळ बसवणं. परवा ओतलेले बॉक्स म्हणजे आजचे चांगले नग अधिक खराब नग. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पहिल्याच दिवशी अकरा नग कमी भरले. ते कुठे गेले? नॉकआउटवरच कुणीतरी बघून सरळ भट्टीच्या भंगारात टाकले होते. लपवायचं म्हणून टाकले असं नाही. वर्षानुवर्षं तशीच सवय होती. पण म्हणजे आमचा रिजेक्शनचा आकडा आजवर खराच नव्हता. मेळ बसेपर्यंत पुढचं काहीही करू देऊ नका. मेळ बसत नाही त्या दिवसाची नोंद वापरू नका. आमच्याकडे मेळ बसायला आठवडाभर लागला, आणि त्यासाठी नॉकआउटवरच्या मामांना मी स्वतः जाऊन सांगितलं की ही वही कुणाच्या पगाराला लागणार नाही. मालकाकडून हे वाक्य गेलं नाही तर कामगार पोरांपुढे गप्प होतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

दुसऱ्या आठवड्यापासून नकाशा. केसिंगची साधी रेखाकृती, वरची बाजू आणि खालची बाजू, रोज एक कोरा कागद. खराब नग हातात घेतला की जिथे होल आहे तिथे पेनाने ठिपका आणि शेजारी हीट नंबर. एवढंच. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळे कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेवर लावले, तेव्हा ठिपके साच्याच्या वरच्या अर्ध्यात, कोअर जिथे बसतो त्याच्या भोवती दाटलेले दिसले. सँडमध्ये ओल जास्त असती तर ते सगळीकडे विखुरले असते. कोअरमधून वायू निघून वर चढतोय आणि वर जाऊन अडकतोय, हे त्या कागदांनी सांगितलं. आमचे मोल्डिंगचे मामा ते बघून म्हणाले, "मी म्हणत होतो की नाही, कोअर पावसाळ्यात रडतो." ते खरंच म्हणत होते. पण आमच्याकडे मोजून ठेवलेलं काही नव्हतं, आणि मोजल्याशिवाय मालक मानत नाही.

मग त्या मुलीने हीट नंबरावरून कोअर कधी बनला ते लावलं. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी बनवलेले कोअर सुट्टीनंतर बसवले जायचे, आणि त्या दिवशीचे ठिपके बाकी दिवसांपेक्षा उघड उघड जास्त होते. जुलैमधली कोल्हापूरची हवा तुम्हाला माहीत आहे. या पद्धतीचा कोअर दमट हवेत पडून राहिला की ओल धरतो आणि कमजोर होतो. लोखंड साधारण 1400 अंशांवर त्याला भिडलं की त्या ओलीची वाफ होते. बदल एकाच गोष्टीत केला, कोअरच्या ओलीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी कोअर बनवणं बंद, आणि रात्रभर राहिलेले कोअर बसवण्याआधी ओव्हनमधून गरम करून घेणं. तेव्हा मला सँडची ओल पण जरा खाली घेऊन बघायची फार इच्छा झाली होती. मामांनी अडवलं, आणि बरं केलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर पहिल्या वर्षासारखंच झालं असतं. पुढचे चार फेरे कोअरच्या भोवतीचे ठिपके विरळ राहिले. कातडीखालच्या होलांचं काय झालं हे या कामातून कळलं नाही, तसं पोरांनी अहवालात स्पष्ट लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत त्यांना तेच वाक्य उपयोगी पडलं.

या कामासाठी आम्ही कॉलेजांना पाठवलेली जाहिरात जशीच्या तशी देते.

प्रोजेक्ट इंटर्नशिप, 2 जागा (मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेटलर्जी, डिप्लोमा किंवा डिग्री)

काम: पंप केसिंग या एका पार्टवर शॉट ब्लास्टिंगनंतर दिसणाऱ्या ब्लो होलची रोजची नोंद, जागेचा नकाशा, संभाव्य कारण, एक बदल आणि त्या बदलाचा निदान तीन फेऱ्यांत मोजलेला परिणाम.

शेवटी द्यायचं: भरलेली वही, नकाशाचे कागद, मराठी किंवा इंग्रजीत सहा पानांचा अहवाल, आणि हे काम पुढे शिफ्टवाल्यांनी कसं चालू ठेवायचं याचा एक पानाचा तक्ता.

कालावधी: 8 आठवडे, एकूण 320 तास. आठवड्याला 6 दिवस, सकाळी 9 ते दुपारी 4.30, मध्ये जेवण आणि चहा. परीक्षा किंवा सबमिशनचे दिवस आधी कळवल्यास तास पुढे भरून घेता येतील.

स्टायपेंड: 16,000 रुपये, दर 15 दिवसांनी 4,000 रुपये बँक खात्यात. दुपारचं जेवण, सेफ्टी शूज, गॉगल, हेल्मेट आणि अपघात विमा आमच्याकडून.

करायचं नाही: उत्पादनाच्या मशिनवर काम, ओतण्याच्या वेळी शॉपवर थांबणं, रात्रपाळी.

निवड: अर्ध्या पानाचा अर्ज, एक तासाचं टेबलावरचं काम, सुपरवायझरसोबत शॉपवर फेरी. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून 10 दिवसांत सगळ्यांना उत्तर.

यातल्या काही ओळींमागची कारणं सांगते. कालावधी महिन्यांत न लिहिता तासांत लिहिला, कारण कॉलेज क्रेडिट मोजतं ते तासांवर. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात पूर्णवेळ आठवडा 40 ते 45 तासांचा धरला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाखाली बीएस्सी, बीकॉमच्या पोरांना जे ऑन जॉब ट्रेनिंग करावं लागतं, ते चार क्रेडिटचं असेल तर 120 तासांचं असतं. दोघंही "महिनाभर येतो" म्हणतील, आणि दोघांच्या महिन्यात जमीन-अस्मानाचा फरक असेल. फेरा तीन दिवसांचा असताना आठवड्यातून दोनदा येणारं पोरगं प्रत्येक फेऱ्याचं कुठलंतरी टोक हुकवतं. अशा पोराला नाही म्हणायची गरज नाही. त्याला एका दिवसात संपणाऱ्या फेऱ्याचं काम द्या.

टीपीओंना पहिल्याच फोनवर विचारा की ऑफर लेटर, रोजची हजेरी, विद्यार्थ्याची डायरी आणि शेवटचा मूल्यमापनाचा फॉर्म यांचे नमुने त्यांच्याकडे आहेत का. बहुतेकांकडे असतात. ते आधीच मागून घेतले की शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचते. कॉलेजने विद्यार्थ्यांचा अपघात विमा काढला असेल तर त्याची प्रत मागा. नसेल तर तुम्ही काढा, तो काही फार महाग नसतो. आणि इंटर्नला भट्टीपासून दूर ठेवायचं यावर वाद घालू नका. ओली सळई किंवा ओली लॅडल वितळलेल्या लोखंडाला लागली तर धातू उडतो, आणि नव्या माणसाला कुठे उभं राहायचं ते माहीत नसतं. आम्ही ओतण्याचं तापमान आणि हीट नंबर शिफ्ट सुपरवायझरला पाटीवर लिहून ठेवायला सांगितलं. पोरं सकाळी येऊन ते वहीत उतरवायची. त्यांचं काहीच अडलं नाही.

स्टायपेंडबद्दल मी ठाम आहे. फुकट इंटर्न घेऊ नका. मुलं "अनुभव मिळाला तरी पुरे" म्हणतात, घरचेही म्हणतात, पण मग येतात ती फक्त शहरात घर असलेली पोरं. गडहिंग्लज, राधानगरी, जत इकडच्या पोराला खोली, मेस आणि एसटी यांचा खर्च असतो. स्टायपेंडमधून निदान तेवढं निघायला हवं. महिन्याला 8,000 आम्ही कसे धरले? राज्याच्या योजनेत डिप्लोमाच्या उमेदवाराला महिन्याला 8,000 ठरवले होते, तो आकडा समोर ठेवला. डिप्लोमा आणि डिग्रीला सारखेच दिले, कारण टेबल एकच आणि वही एकच. पैसे दर पंधरा दिवसांनी द्या. "शेवटी एकरकमी" म्हटलं की पोरगं पहिला महिना उसनवारीवर काढतं.

आणि स्टायपेंड निकालाला जोडू नका. "रिजेक्शन दोन टक्क्यांनी उतरलं तर बोनस" ही कल्पना मला तीन वेगवेगळ्या मालकांनी मोठ्या उत्साहाने सांगितली आहे. असं केलं की ज्याच्या हातात पेन आहे त्यालाच आकडा कमी दिसण्यात फायदा होतो. नकळतसुद्धा संशयित नग चांगल्याच्या ढिगात जातो. तो पुढे ग्राहकाकडे सापडतो. पैसे हजेरीचे आणि वही नीट भरल्याचे द्या. बदलाने फरक पडला नाही असं उत्तर आलं तरी ते उत्तरच आहे, आणि त्याचे पैसे पूर्ण द्यायचे. जाता जाता सांगते, विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन चार आठवड्यांचं सर्टिफिकेट देणाऱ्या ज्या जागा निघाल्या आहेत त्यांना मी इंटर्नशिप म्हणत नाही. तुमच्याकडे अर्ज करणाऱ्या पोराकडे असं सर्टिफिकेट असेल तर त्याला दोष देऊ नका, त्याचे पैसे गेलेत. पण त्या कागदाला निवडीत शून्य वजन द्या.

निवडीत सीव्ही मागवू नका. सगळे सीव्ही एकाच साच्यातले असतात. अर्ध्या पानाच्या अर्जात आम्ही दोनच गोष्टी विचारतो. या आठ आठवड्यांत तुमची कुठली परीक्षा, तोंडी, सबमिशन किंवा राहिलेला विषय येतो, तारखांसह. आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली किंवा बनवलेली एक गोष्ट, त्यात काय अडलं होतं. पहिल्या प्रश्नावर खरं लिहिणाऱ्याला आम्ही कधीही त्यामुळे वगळत नाही, आणि हे अर्जातच लिहितो. नाहीतर मुलं राहिलेला विषय लपवतात आणि पाचव्या आठवड्यात चार दिवस गायब होतात. दुसऱ्या प्रश्नावर ज्याने घरच्या पाण्याच्या मोटरीचं सील बदलताना काय झालं ते लिहिलं, तो आम्हाला रोबोटिक्सच्या स्पर्धेपेक्षा जास्त सांगून जातो.

मग टेबलावरचं काम. वीस खराब कास्टिंग टेबलावर ठेवतो, एक तास देतो, आणि सांगतो, "यांचे दोषांप्रमाणे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला दोन ओळींत कारण लिहा. नावं माहीत नसली तरी चालतील." ब्लो होल, सँड इन्क्लूजन, कोल्ड शट हे शब्द न येणारं पोरगं चालतं. बघायचं ते वेगळंच. नग उलटा करून बघतो का? हात फिरवतो का? उजेडाकडे नेतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, "हे मला कळलं नाही" असा एक वेगळा ढीग करतो का? वीसच्या वीस नग आत्मविश्वासाने चार ढिगांत बसवणाऱ्याला मी घेत नाही. त्याची वही रोज पूर्ण भरलेली दिसेल, आणि तिच्यावर माझा विश्वास बसणार नाही. हे काम तासाभराचंच ठेवा. "तीन दिवसांत आमच्या प्रॉब्लेमवर रिपोर्ट करून आणा" ही परीक्षा नव्हे, फुकटात करून घेतलेलं काम झालं.

शेवटची फेरी सुपरवायझरसोबत वीस मिनिटं. मी सोबत जात नाही. परत आल्यावर सुपरवायझर मामांना एकच विचारते, "याच्याबरोबर दोन महिने जमेल?" त्यांचं "नाही" हे अंतिम. ओळखीचा मुलगा, पुतण्या, ग्राहकाच्या मित्राची मुलगी, सगळ्यांना हीच वाट. शिफारशीचा फोन आला की मी फक्त अर्जाची शेवटची तारीख सांगते. लोक थोडे नाराज होतात, पुढच्या वर्षी विसरतात.

रोजचा मार्गदर्शक मालक नको. मालकाला वेळ नसतो आणि तो जवळ आला की पोरं बरोबर उत्तर शोधायला लागतात. ज्याच्या हातून तो नग रोज जातो त्या माणसाला सकाळी पंधरा मिनिटं आणि दुपारी पंधरा मिनिटं इंटर्नसाठी मोकळी करून द्या, आणि त्याच्या कामाच्या हिशोबात ती अर्ध्या तासाची सूट प्रत्यक्ष धरा. नुसतं "बघा जरा पोरांकडे" म्हणून चालत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मी वही घेऊन बसते. त्या दिवशी फक्त तीन गोष्टी बघायच्या: मेळ बसला का, नकाशे पूर्ण आहेत का, आणि या आठवड्यात किती फेरे पूर्ण झाले. चौथ्या शनिवारपर्यंत दोन फेरेसुद्धा स्वच्छ पूर्ण झाले नसतील तर काम छोटं करा. कारण शोधायचं सोडा, फक्त नोंद आणि नकाशा एवढंच ठेवा, आणि कॉलेजला तसं पत्राने कळवा. पोराचे गुण त्यामुळे जात नाहीत, अर्धवट बदल घाईत केला तर मात्र जातात.

सर्टिफिकेटचा मजकूरही आधीच ठरवून ठेवा. "आमच्याकडे यशस्वीरीत्या इंटर्नशिप पूर्ण केली" या ओळीतून पुढच्या मुलाखतीत कुणाला काही कळत नाही. आम्ही लिहितो: पार्ट कोणता, दोष कोणता, किती नगांची नोंद केली, किती फेरे मोजले, कोणता बदल केला, आणि काय मोजता आलं नाही. शेवटचा हप्ता आणि हे पत्र एकाच दिवशी, वही आणि एक पानाचा तक्ता मामांच्या ताब्यात दिल्यावर. तो तक्ता मामांना पोराने स्वतः समजावून सांगायचा, आणि मामांनी त्यावरून एका दिवसाची नोंद पोरासमोर भरून दाखवायची. ती बरोबर भरली गेली की मी सही करते.